उठलं, पण जागं झालं नाही

“दुपारी छान झोपला होता. अचानक किंचाळत उठला. घ्यायला गेले तर मलाच ढकलतोय, अंग ताणून पाठ मागे टाकतोय, पाणी दिलं तर भांडं उडवतोय. वीस मिनिटं कुणाला दाद दिली नाही. मग एकदम शांत झाला आणि बिस्कीट मागायला लागला. डॉक्टर, हे नक्की काय?”

दीड ते चार वर्षांच्या मुलांचे आईबाप बालरोगतज्ज्ञाला हा प्रश्न हमखास विचारतात. विचारताना आवाजात काळजी असते, आणि थोडा अपमानही असतो. एरवी कुणी रागावलं तर धावत येऊन आईलाच बिलगणारं पोर आज आईलाच लाथा मारतंय, हे मनाला लागतं. म्हणून सुरुवात त्या लाथांपासूनच करू.

१. रडणारं मूल जागं असतं का?

डोळे सताड उघडे, तोंडाने ‘आई आई’ चाललेलं, हातपाय झाडणं चाललेलं. असं मूल झोपेत आहे यावर कुणाचा विश्वास बसणार? पण जरा निरखून पाहा. त्याची नजर तुमच्या चेहऱ्यावर ठरत नाही, तुमच्यातून आरपार जाते. ते ‘आई’ म्हणतं, पण आई समोर आली तरी ‘आई’ म्हणतच राहतं. ‘नको, नको’ म्हणतं, पण काय नको ते त्यालाही ठाऊक नसतं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचा आणि त्याच्या बोलण्याचा काही मेळ लागत नाही.

भूक लागलेलं किंवा झोप अपुरी झाल्यामुळे किरकिरणारं मूल असं वागत नाही. तेही मोठ्याने रडतं, पण त्याला काहीतरी हवं असतं. ते मागतं, नाकारतं, तुमच्याकडे बघत बघत रडतं आणि कडेवर घेतलं की थोडं तरी निवळतं. इथे नेमकं उलटं होतं. जवळ घ्याल तितका आकांत वाढतो.

या अवस्थेला डॉक्टर ‘कन्फ्यूजनल अराउजल’ म्हणतात. आपण तिला अर्धवट जाग म्हणू. कॅनडातले रॉजर ब्रॉटन यांनी १९६८ साली ही अर्धवट जाग, झोपेत चालणं आणि झोपेत भेदरून किंचाळणं हे सगळे प्रकार एकाच कुळातले असल्याचं मांडलं. हा सगळा जाग येण्यातला घोटाळा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी अशा किंचाळण्याचा संबंध वाईट स्वप्नांशी लावला जाई, आणि घराघरांत तो आजही लावला जातो.

२. मेंदू एकदम उठत नाही

झोप सगळीकडे सारखी खोल नसते. डोळा लागल्यावर माणूस हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरतो, तिथे काही वेळ राहतो आणि पुन्हा वर येतो. मग स्वप्नांच्या झोपेचा एक टप्पा येऊन जातो आणि नवी फेरी सुरू होते. मोठ्या माणसाची एक फेरी साधारण दीड तासाची असते, लहान मुलाची तासाभराची. या वयात गाढ झोपेचा वाटा फार मोठा असतो आणि ती असतेही विलक्षण खोल. लग्नाहून परतताना गाडीत झोपलेल्या पोराला तुम्ही उचलून दोन जिने चढवता, कपडे बदलता, पांघरूण घालता, तरी त्याला पत्ता लागत नाही तो यामुळेच.

आता फेरीच्या शेवटी या खोलीतून वर यायचं असतं. बहुतेक वेळा मूल कूस बदलतं, काहीतरी पुटपुटतं आणि पुढच्या फेरीत शिरतं. कधी कधी मात्र वर येणं अर्ध्यावरच अडकतं. शेतावर थ्री फेज वीज येण्याची वाट बघताना कधी एकच फेज येतो, तसं काहीसं घडतं. घरातले दिवे लागतात, पंखा फिरतो, पण विहिरीवरची मोटर काही पाणी ओढत नाही. मेंदूतले हालचालींचे आणि आदिम भावनांचे भाग चालू होतात. समोर कोण आहे, मी कुठे आहे, काय झालं याचा अर्थ लावणारे पुढचे भाग मात्र अजून गाढ झोपेतच असतात. म्हणून मूल हातपाय झाडू शकतं, ओरडू शकतं, पण आईला ओळखू शकत नाही.

ही नुसती कल्पना नाही. अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी काही रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा बसवाव्या लागतात. इटलीतल्या संशोधकांनी २००९ साली अशाच एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. तारा बसवलेल्या असतानाच त्याला अर्धवट जाग आली होती. त्या क्षणी मेंदूचा हालचाली चालवणारा भाग जागेपणाच्या लहरी दाखवत होता, आणि विचार जुळवणाऱ्या भागांत गाढ झोपेच्या संथ, उंच लाटा चालू होत्या. एकाच डोक्यात, एकाच वेळी.

आठवण साठवणारी यंत्रणाही त्या वेळी कामावर नसते. त्यामुळे शांत झाल्यावर मुलाला यातलं काही आठवत नाही. ‘का रे रडलास?’ असं विचारलं तर ते गोंधळून बघतं. ज्या वीस मिनिटांनी तुमचा जीव खालीवर झाला, ती त्याच्या लेखी घडलेलीच नसतात.

३. दुपारच्या झोपेतच का?

रात्रीही हे होतं, आणि झालं तर बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, झोपल्यावर तास-दोन तासांनी होतं, कारण गाढ झोप तिथेच दाटलेली असते. दुपारच्या झोपेत स्वप्नांचा भाग कमी आणि गाढ झोप भरपूर असते. म्हणजे दुपारी उठणारं मूल गाढ झोपेतून उठण्याची शक्यता जास्त. दुसरं, दुपारी घर जागं असतं. कुकरच्या शिट्ट्या, बेल, कुरिअरवाला, शेजारचं ड्रिलिंग. रात्री जो धक्का बसला नसता तो दुपारी बसतो.

आणि तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं आहे. जागेपणी जसजसा वेळ जातो तसतशी मेंदूत झोपेची ओढ साठत जाते. ती जितकी जास्त साठेल तितकी पुढची झोप खोल, आणि खोल झोपेतून वर येणं तितकं अवघड. थकलेल्या मुलाला ‘गाढ झोप लागली, बरं झालं’ असं आपण म्हणतो. पण नेमकी तीच झोप अर्धवट फुटण्याची शक्यता अधिक असते.

४. एका दुपारचा हिशेब

समजा, डोंबिवलीतल्या एका घरातली सव्वादोन वर्षांची मुलगी. रोज रात्री नऊला झोपते, सकाळी सातला उठते, दुपारी एक ते तीन पुन्हा झोपते. म्हणजे दिवसाचे बारा तास. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं आहे. तेव्हा ही मुलगी व्यवस्थित बसते.

आदल्या रात्री आत्याचा साखरपुडा होता. मुलगी साडेअकराला झोपली. सकाळी मात्र सवयीने सातलाच उठली. अडीच तास कमी पडले. दुपारी घरात पाहुणे, त्यामुळे एकला झोपवणं जमलं नाही. अखेर दोन चाळीसला ती आईच्या मांडीवरच लुडकली. एरवी सहा तास जागी राहणारी मुलगी आज पावणेआठ तास जागी होती, तीही अपुऱ्या रात्रीनंतर.

दहा-पंधरा मिनिटांत ती गाढ झोपेत उतरली. तीन पंचवीसला, म्हणजे पाऊण तासाने, दाराची बेल वाजली. झोपेची फेरी वर वळायची तीच वेळ होती. आधी कण्हल्यासारखा आवाज आला, मग हुंदके, मग दोन-तीन मिनिटांत किंचाळणं. आईने उचलून घेतलं, तशी ती धनुष्यासारखी मागे वळली. बाबांनी मोबाइलवर बालगीतं लावली. आजीने तोंडावर पाण्याचा हबका मारला. मावशी म्हणाली, पोट दुखत असेल, आणि पोटाला हिंग लावायला घेतला. मुलगी आळीपाळीने चार हातांतून फिरली. चारला दहा कमी असताना तिने एक मोठा श्वास सोडला, इकडेतिकडे पाहिलं, आजीच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, “दूध.”

पंचवीस मिनिटं. अशी अर्धवट जाग साधारण पाच ते पंधरा मिनिटं टिकते, कधी अर्ध्या तासावरही जाते. या मुलीची इतकी का लांबली याचं उत्तर बहुधा त्या चार हातांत आहे. अर्धवट उठलेल्या मेंदूला स्पर्श कळतो, पण तो कुणाचा आणि कशासाठी ते कळत नाही. घट्ट मिठी त्याला जखडल्यासारखी वाटते, आणि जखडलेला प्राणी सुटायला धडपडतो. प्रत्येक नवा आवाज, नवा हात, नवा पाण्याचा हबका त्या धडपडीला आणखी चेतवतो. मूल पुरतं जागंही होत नाही आणि परत झोपेतही जात नाही.

५. मग करायचं काय?

फार कमी. आणि ते फार अवघड आहे, कारण घरातले सगळे बघत असतात आणि आई नुसती बसलीय हे कुणालाच बघवत नाही.

आधी जागा सांभाळा. मूल पलंगावर असेल तर खाली गादीवर घ्या, किंवा कडेला स्वतः बसा. हाताशी काच, टोकदार कोपरा, गरम काही असेल तर बाजूला करा. मग टीव्ही बंद, पडदा ओढलेला, एकच मोठं माणूस जवळ. बाकीच्यांनी बाहेर जावं. घड्याळात वेळ बघून ठेवा, कारण अशा वेळी पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात आणि नंतर डॉक्टरांना खरा आकडा सांगता येत नाही.

हळू, एकसुरी आवाजात एखादं ओळखीचं वाक्य म्हणत राहा. ‘आई इथेच आहे, झोप बाळा.’ प्रश्न विचारू नका. ‘काय झालं? कुठे दुखतंय? दाखव ना!’ या प्रश्नांना उत्तर देणारा भाग झोपलेला आहे. पाठीवर एक हात ठेवून बघा. त्याने ते सैल पडलं तर हात राहू द्या, अंग चोरलं तर काढून घ्या. कडेवर घेतल्यावर शांत होणारीही काही मुलं असतात. त्यांना जरूर घ्या. खूण मुलाच्या अंगावरून मिळते, पुस्तकातून नाही.

गदागदा हलवणं, गालावर चापट्या मारणं, तोंडावर पाणी मारणं टाळा. तोंडात दूध, पाणी किंवा ग्राइप वॉटर घालणं तर नक्कीच टाळा, कारण पुरतं जागं नसलेल्या आणि किंचाळणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं. रागावूही नका. ते हट्ट करत नाहीये. हट्टाला समोर माणूस लागतं, आणि त्याच्या दृष्टीने समोर कुणीच नाही.

शेवट बहुतेक वेळा अचानक होतो. एक उसासा, जांभई, मग नजर ठरते. काही मुलं तिथेच पुन्हा झोपतात, काही उठून पाणी किंवा खाऊ मागतात. आता जवळ घ्या, हवं ते द्या. झाल्या प्रकाराची चौकशी किंवा चेष्टा त्याच्यासमोर करू नका. न आठवणाऱ्या गोष्टीवरून घरभर चर्चा झाली की मूल झोपायलाच बिचकू लागतं.

६. दृष्ट काढली की थांबतं, ते कसं?

‘अगं, काल एवढ्या लोकांत नटवून नेलंस, दृष्ट लागली तिला.’ साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी आजी हे म्हणणारच. मीठ-मोहऱ्या आणल्या जातात, मिरच्या ओवाळल्या जातात, आणि खरोखरच थोड्या वेळात मूल शांत होतं. आजीचं निरीक्षण अजिबात चुकीचं नाही. गर्दीच्या समारंभानंतर हे होतं, हे तिने पिढ्यानपिढ्या पाहिलं आहे. फक्त दोष लोकांच्या नजरेचा नसून जागरणाचा आहे. आणि जो प्रकार पंधरा-वीस मिनिटांत आपोआप संपणार असतो, त्यात दहाव्या मिनिटाला केलेला कोणताही उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. हिंग असो, अंगारा असो, की मोबाइलवरचं गाणं.

माझं मत विचाराल तर मीठ-मोहऱ्या ओवाळण्याने नुकसान काही नाही. उलट सगळे जरा गप्प बसतात, हा फायदाच. मात्र मिरच्या जाळून त्यांचा ठसका रडणाऱ्या मुलाच्या नाकातोंडात जाऊ देऊ नये. त्या विस्तवावर टाकायच्या असतील तर घराबाहेर टाका.

७. हे ते नाही, हे कसं ओळखायचं?

वाईट स्वप्न पडलेलं मूल पुरतं जागं होतं. आईला ओळखतं, तिला सोडत नाही, बोलता येत असेल तर ‘कुत्रा आला’ असं सांगतं आणि परत झोपायला घाबरतं. हे बहुधा पहाटेच्या बाजूला होतं. झोपेत भेदरून उठणं हा अर्धवट जागेचाच थोरला भाऊ. त्यात सुरुवात कण्हण्याने होत नाही, एकदम किंकाळीने होते. चेहरा भीतीने ताठरलेला, छाती धडधडत, घाम फुटलेला. तो सहसा थोड्या मोठ्या मुलांत दिसतो आणि तेव्हा करायचं तेच, जे वर सांगितलं.

खरी काळजी वेगळ्या गोष्टींची. रडणं पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, दर वेळी मूल पाय पोटाशी घेत असेल, पांढरं पडत असेल, उलट्या होत असतील आणि मधल्या वेळात मलूल पडत असेल, तर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकला असण्याची शक्यता असते. शौचात रक्त येण्याची वाट न बघता तडक रुग्णालय गाठायला हवं. सर्दी-ताप असलेलं मूल आडवं केलं की कळवळत असेल, कान ओढत असेल, तर कान दुखतोय. आणि एक हात अजिबात हलवत नसेल, तर तो दुखावला आहे.

झटक्यांची शंका वेगळ्या खुणांवरून येते. ते छोटे असतात, बहुधा एक-दोन मिनिटांचे, दर वेळी हुबेहूब तसेच, आणि एकाच झोपेत अनेकदा येऊ शकतात. हातपाय ठरावीक लयीत उडतात, डोळे एका बाजूला खिळतात, ओठ निळे पडतात. अर्धवट जागेत हालचाली दर वेळी वेगळ्या असतात आणि साधारणपणे एका झोपेत प्रकार एकदाच होतो.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक. जमिनीवर झोपलेलं मूल एकाएकी किंचाळून उठलं तर आधी अंथरूण झटका. लाल विंचू चावला असेल तर मूल थांबत नाही, त्याला दरदरून घाम येतो, तोंडातून लाळ गळते आणि हातपाय गार पडतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध या विंचवाच्या दंशावर कसं जीव वाचवतं ते दाखवून दिलं. ते वेळेत मिळण्यातच सगळं आहे. तिथे शांत बसून वाट बघायची नाही.

थोडक्यात खूण अशी की अर्धवट जाग संपली की मूल शंभर टक्के नेहमीसारखं असतं. खेळतं, खातं. तसं नसेल, तर कारण दुसरं शोधावं. आणि प्रकार वारंवार होत असेल तर पुढच्या वेळी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात शब्दांनी केलेल्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना तो कितीतरी जास्त सांगतो.

८. पुन्हा होऊ नये म्हणून

औषध जवळपास कधीच लागत नाही. लागतो तो झोपेचा हिशेब. आठवडाभर रात्रीची आणि दुपारची झोपेची वेळ कॅलेंडरवर लिहा. बहुतेक घरांत दिसतं ते असं की बाबा उशिरा येतात, त्यांच्याशी खेळून मूल साडेदहाला झोपतं आणि पाळणाघरासाठी साडेसहाला उठवलं जातं. रात्रीची वेळ अर्धा तास अलीकडे आणली आणि दुपारी मूल पेंगुळण्याआधीच झोपवलं, तर काही दिवसांत फरक दिसू लागतो. ताप, प्रवास, लसीनंतरचा दिवस, नव्या भावंडाचं घरात येणं यांत प्रकार उसळू शकतो. आईवडिलांपैकी कुणी लहानपणी झोपेत चालत असेल तर मुलात हे जास्त दिसतं.

इतकं करूनही थांबत नसेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. मूल रोज घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर श्वास अडखळतो आणि झोप सारखी फुटते. घोरण्यावर उपचार झाल्यावर अनेक मुलांमधले हे प्रकार थांबलेले आहेत. दुसरं, झोपेत पाय सतत चाळवत असतील तर शरीरातल्या लोहाचा साठा बघावा. आपल्याकडे दुधावरच वाढणाऱ्या मुलांत तो कमी असणं सर्रास आढळतं. लोहाचं औषध मात्र डॉक्टरांनी मोजून दिल्याशिवाय सुरू करू नये.

दुपारी उठवावंच लागणार असेल तर वेळ निवडा. झोपल्यावर पाऊण तासाने ओढून उठवण्यापेक्षा तास-सव्वा तास होऊ द्या, किंवा मूल स्वतः कूस बदलेपर्यंत थांबा. मग पडदा थोडा सरकवा, खोलीत नेहमीसारखं वावरा, पाच मिनिटं द्या. पाळणाघरातल्या ताईंनाही हे आधी सांगून ठेवा. नाहीतर त्या घाबरून तुम्हाला फोन करतील, तुम्ही ऑफिसातून धावत जाल आणि पोहोचाल तेव्हा ते पोर मजेत ठोकळे रचत बसलेलं असेल. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचं हे आपोआप ओसरतं. पाच वर्षांनंतरही चालू राहिलं, वाढलं, किंवा मूल झोपेत उठून दाराकडे चालू लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा आणि रात्री दाराची वरची कडी लावा.